आधार, पॅन की पासबुक? नाव आधी कुठलं दुरुस्त करायचं

प्रश्न: आईच्या नावावर दोन म्हशींसाठी कर्ज करायचंय, यावल तालुका. आधारवर SUNANDABAI BHIKA PATIL आहे, पॅनवर SUNANDA BHIKAJI PATIL आणि पासबुकात PATIL SUNDABAI B असं आलंय. शेती आईच्याच नावावर, उताऱ्यावर "सुनंदाबाई भ्रतार भिका पाटील". बँकेत म्हणतात नाव जुळत नाही, जुळवून आणा. आमचा सेंटरवाला म्हणतो पासबुकासारखं आधार करून टाकू, लगेच होईल. करू का? आई सही करत नाही, अंगठा लावते.

उत्तर:

नका करू भाऊ. आधारला हात लावू नका. तुमच्या चारही कागदांत जे दोन सगळ्यात महत्त्वाचे आहेत, आधार आणि उतारा, ते एकमेकांशी बरोबर जुळतायत, आणि ज्याच्यावरून तुम्ही आधार बदलायला निघालात त्या पासबुकातलंच नाव साफ चुकलेलं आहे. चुकलेल्या कागदावरून बरोबर कागद बिघडवायचा असं होईल ते.

मी वीस वर्षांच्या वर बँकेत होतो, जास्त करून कर्जाच्या टेबलावर, जळगाव आणि नंदुरबार दोन्ही जिल्ह्यांत, आणि ही चूक मी स्वतः एकदा एका बाईंना करायला लावली आहे म्हणून इतकं ठाम सांगतो. शहाद्याकडच्या होत्या. खात्यात सासरचं आडनाव होतं, आधारवर माहेरचं. मी सांगितलं ताई, आधारवर सासरचं करून आणा. त्यांनी पासबुक पुढे ठेवून अक्षरन्‌अक्षर तसंच करून आणलं, आणि पासबुकातलं स्पेलिंगच आमच्या शाखेत चुकीचं टाईप झालेलं होतं, हे मला खाते उघडायचा मूळ फॉर्म काढल्यावर कळलं. मग परत आधार दुरुस्ती. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यांच्या दोन्ही संधी तिथेच संपल्या. पुढे काही बदल लागला तर साधं केंद्र ते करत नाही, राजपत्र म्हणजे गॅझेटचा कागद लावून यूआयडीएआयच्या विभागीय कार्यालयाकडून मंजुरी घ्यावी लागते, आणि आपल्यासाठी ते कार्यालय मुंबईला. एका बाईला माझ्या घाईमुळे एवढं भोगावं लागलं, ते अजून मनात आहे.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. कुठलाही अर्ज करायच्या आधी सगळे कागद समोर मांडायचे आणि आधी हे ठरवायचं की बदलायला सगळ्यात अवघड कागद कोणता, मग बाकीचे सोपे कागद त्याच्याकडे आणायचे. शेतकरी माणसाच्या बाबतीत सगळ्यात अवघड म्हणजे उतारा. साधी लेखनचूक असली तरी तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली अर्ज करा, तलाठ्याचा अहवाल येऊ द्या, मग आदेश, मग फेरफार, महिने जातात त्यात. त्याच्याखाली आधार, कारण संधी मोजून दोन. पॅन त्यापेक्षा सोपं. आणि बँकेतलं नाव सगळ्यात सोपं, कारण ते बँकेनेच टाईप केलेलं असतं आणि बँकच बदलू शकते. लोक मात्र उलटं करतात, बँकवाला समोर बसलेला असतो ना, त्याचं रेकॉर्ड पक्कं आणि आपले कागद कच्चे असं वाटतं.

आता तुमच्या आईचे फरक एकेक करून बघू, कारण सगळे फरक एका जातीचे नाहीत.

पासबुकातला `PATIL SUNDABAI B`. यात आडनाव पुढे आलंय आणि मधल्या नावाचं नुसतं बी राहिलंय, हा फरकच नाही खरं तर, आपल्याकडे आडनाव आधी लिहायची पद्धत आणि जुन्या फॉर्मवर तसंच भरलं जायचं. पण सुनंदाचं "सुंदा" झालंय ही टायपिंगची चूक आहे, आणि सिस्टीमच्या दृष्टीने सुंदाबाई ही वेगळी बाई. खूप खात्यांमध्ये हे झालेलं आहे कारण फॉर्म मराठीत भरलेला, त्यावरून कुणीतरी इंग्रजीत टाईप केलं, दिवसाला शंभर फॉर्म असतील, चौधरीचं एकाचं CHAUDHARI तर दुसऱ्याचं CHOUDHARY, वसावेचं VASAVE आणि VASAWE, गिरासे भाऊंच्या नावातलं "सिंग" एका ठिकाणी जोडून तर एका ठिकाणी तोडून.

पॅनवरचं `SUNANDA BHIKAJI PATIL`. हा जरा जास्तीचा फरक. बाई गेलं, जी आला. आपल्या कानाला सुनंदा, सुनंदाबाई, भिका, भिकाजी, भिकाभाऊ सगळं एकच. गावात बाया म्हणतात तसं, "भाऊ, मन्हं नाव ते एकच शे ना." खरं आहे, पण बँक पॅन तपासते तेव्हा नंबर, नाव आणि जन्मतारीख टाकते आणि समोरून जुळलं की नाही एवढंच येतं. तिथे बसलेला माणूस कितीही समजूतदार असला तरी "नाही" आलं की फाईल पुढे सरकत नाही.

म्हणजे ठरलं, आधार आणि उतारा तसेच ठेवायचे, पॅन दुरुस्त करायचं, मग बँक. हाच क्रम ठेवा. आधी बँकेत गेलात तर ते आधार आणि पॅन दोन्ही मागतील आणि दोघांत फरक दिसला की कोणतं नाव घ्यायचं म्हणून परत पाठवतील.

पॅन. इथे पहिली सावधगिरी, नवीन पॅनचा अर्ज करायचा नाही, दुरुस्तीचा करायचा. काही केंद्रवाले घाईत नवीन अर्ज भरतात, मग एका माणसाचे दोन पॅन होतात आणि त्याला १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दुरुस्तीत नंबर तोच राहतो, फक्त नाव बदलतं. पॅनचं काम बघणाऱ्या प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएल या दोन कंपन्यांपैकी कुठूनही करा, शंभराच्या थोडी वर फी आहे कार्ड घरी मागवलं तर. फॉर्ममध्ये जो रकाना बदलायचाय त्याच्या डाव्या बाजूच्या चौकोनात टिक करावी लागते, ती राहिली की नाव भरलेलं असूनही बदल होत नाही, हे मी खूपदा बघितलंय. आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव असे तीन वेगळे रकाने असतात, आधारवर जसं आहे तसं पूर्ण भरा, इनिशियल टाकू नका. पुरावा म्हणून आधारच लावा.

आणि पॅनवर वडिलांचं नाव असा जो रकाना असतो तिथे आईच्या वडिलांचं नाव राहणार, तुमच्या वडिलांचं नाही. बायकांच्या पॅनवर हा घोळ फार होतो, लग्न झालं म्हणून नवऱ्याचं नाव तिथे टाकतात. नवऱ्याचं नाव मधल्या नावात आलं तेवढं बरोबर. तुमच्या घरी कार्ड असेल तर आत्ताच बघून घ्या, तिथेही चूक असेल तर याच अर्जात तीही दुरुस्त होईल.

आई अंगठा लावतात म्हणालात, तर कागदी फॉर्मवर डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा आणि तो मॅजिस्ट्रेट, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून सही शिक्क्यानिशी साक्षांकित करून घ्यायचा. नुसता अंगठा लावून पाठवलं की अर्ज अडकतो, आणि तुम्ही तीन आठवडे कार्डाची वाट बघत बसता. साधारण दोन-तीन आठवडे पॅनला धरून चाला. नवीन कार्ड आलं की incometax.gov.in वर Link Aadhaar Status मध्ये जाऊन पॅन आणि आधार जोडलेलं दाखवतंय का तेवढं बघा.

आता बँक. इथे मी थोडं सविस्तर सांगतो कारण काम सोपं असूनही अर्धवट होतं.

होम ब्रांचला आईला घेऊन जा. अर्ज साधा, "माझ्या खात्यातील नाव टंकलेखनाच्या चुकीमुळे सुंदाबाई असे नोंदले गेले आहे, सोबतच्या आधार व पॅनप्रमाणे SUNANDABAI BHIKA PATIL असे दुरुस्त करावे", खाते नंबर, तारीख, अंगठा, दोन साक्षीदार. इंग्रजी स्पेलिंग अर्जात मोठ्या अक्षरात लिहा म्हणजे परत कुणाला अंदाजाने टाईप करावं लागणार नाही. केवायसीचा फॉर्म भरून घेतील, आधार आणि नवीन पॅनची झेरॉक्स, मूळ कागद दाखवायला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. पोच मागायला लाजू नका.

जमलं तर तिथल्या साहेबांना नम्रपणे म्हणा की खाते उघडल्याचा मूळ फॉर्म बघता का. जुना फॉर्म सापडला आणि त्यावर मराठीत "सुनंदाबाई" स्वच्छ लिहिलेलं असेल तर ती बँकेची टायपिंगची चूक ठरते, नाव बदल ठरत नाही. हा फरक मोठा आहे. नाव बदल म्हटलं की रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमाप्रमाणे लग्नाचं प्रमाणपत्र किंवा गॅझेट मागायची वेळ येते, चूक दुरुस्ती म्हटलं की ओळखीचा कागद बघून शाखेतच काम होतं. म्हणून अर्जात "नाव बदल" हा शब्द वापरू नका, तुमचं नाव बदललेलंच नाहीये.

दुसरी गोष्ट, बँकेच्या सिस्टीममध्ये नाव दोन ठिकाणी असतं. एक ग्राहकाची नोंद, तिला सीआयएफ म्हणतात, आणि दुसरं त्या खात्याचं नाव. कधी कधी काउंटरवरचा माणूस खात्याचं नाव दुरुस्त करतो, पासबुक छापून देतो, तुम्ही खूश होऊन घरी येता, आणि कर्जाची फाईल टाकल्यावर परत सुंदाबाईच येते कारण कर्जाची फाईल सीआयएफवरून उचलते. तेव्हा "सीआयएफमध्येही झालं ना साहेब" हे विचारायचंच. आणि आईच्या नावाने त्याच बँकेत बचत गटाचं, जुन्या पीककर्जाचं किंवा एफडीचं वेगळं खातं असेल तर त्याला दुसरा सीआयएफ पडलेला असतो बऱ्याचदा, तेही सांगा, दोन्ही एकत्र करून घ्या. नाहीतर एक बाई सिस्टीममध्ये दोन बाया म्हणून फिरत राहते.

झालं की नाही हे पासबुकावरून ठरवू नका. पासबुकाचं पहिलं पान जुनंही असू शकतं. सोपी तपासणी अशी, तुमच्या मोबाईल बँकिंगमध्ये किंवा यूपीआयमध्ये आईचा खाते नंबर आणि आयएफएससी टाकून एक रुपया पाठवायला घ्या, पैसे जायच्या आधी समोर खातेदाराचं नाव येतं, ते बँकेच्या रेकॉर्डमधलं असतं. तिथे `SUNANDABAI BHIKA PATIL` दिसलं म्हणजे निदान खात्यावर झालं. स्क्रीनशॉट काढून ठेवा. सीआयएफचं मात्र शाखेतच पडद्यावर बघायला सांगावं लागेल.

इथे बरेच जण म्हणतात की आईच्या खात्यात योजनेचे पैसे दर महिन्याला येतात मग नाव चुकलेलं कसं. ते पैसे आधार नंबरवरून खात्यात येतात, कोणत्या बँकेला तो नंबर जोडलाय एवढं बघून, नावाचं अक्षर जुळवून नाही. त्यामुळे पैसे येतात म्हणून नाव बरोबर आहे असं धरू नका, कर्जाची तपासणी वेगळी असते.

आता अ‍ॅफिडेव्हिटबद्दल, कारण सेंटरवाल्यानंतर पुढचा माणूस तुम्हाला हेच सुचवेल. "वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच" असं नोटरी करून घ्या म्हणतील, आता पाचशेचा स्टँप लागतो त्याला. काही शाखा ते घेतात आणि फाईल पुढे नेतात, नाही असं नाही. मीही घेतलेली आहेत, छोटं कर्ज आणि ओळखीचा माणूस असला की. पण अ‍ॅफिडेव्हिटने कुठल्याच रेकॉर्डमधलं नाव बदलत नाही. आज चाललं, उद्या साहेब बदलले, किंवा फाईल वरच्या ऑफिसला गेली, की परत तीच हरकत. आणि जिथे नाव खरंच बदललेलं आहे तिथे नियमात लग्नाचं प्रमाणपत्र किंवा गॅझेट असं लिहिलेलं आहे, नोटरीचा कागद त्या यादीत नाही. तुमच्या केसमध्ये तर गरजच नाही, शंभर रुपयांत पॅन होतंय तर पाचशेचा स्टँप कशाला.

गॅझेट खरं लागतं ते वेगळ्या घोळात, आणि आपल्या खान्देशात तो खूप आहे म्हणून थोडं लिहितो. घरचं आडनाव सोनवणे, पवार, सूर्यवंशी काही असतं, शाळेच्या दाखल्यावर तेच आलेलं असतं, पण गावात सगळे पाटील लावतात म्हणून आधारवर पाटील, उताऱ्यावर आजोबांच्या वेळेपासून पाटील, आणि पॅन काढताना दाखला लावला म्हणून तिथे पवार. हा स्पेलिंगचा फरक नाही, दोन वेगळी आडनावं आहेत, आणि कुठलीही बँक ती जुळली असं म्हणणार नाही. इथे एकच आडनाव कायमचं निवडायचं, शासन मुद्रण विभागाकडे ऑनलाईन अर्ज करून राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यायचं, आणि मग तो कागद घेऊन एकेक रेकॉर्ड बदलत जायचं. सासर-माहेरच्या आडनावाचा फरक असेल तर गॅझेटशिवायही होतं, लग्न नोंदणीचं प्रमाणपत्र चालतं. लग्न तीस वर्षांपूर्वीचं असेल आणि नोंदच नसेल तरी ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे उशिराची नोंदणी होते, थोडा दंड भरावा लागतो, पण होते. तुमच्या घरात कुणाचा असा घोळ असेल तर कर्जाची गरज पडायच्या आधीच सुरू करा, कारण याला वेळ लागतो आणि म्हशीचा सौदा तेवढा थांबत नाही.

एक गोष्ट राहिली, सिबिल. आई बचत गटात असतील किंवा एखाद्या फायनान्सवाल्यांकडून गटाचं कर्ज घेतलं असेल तर तिथे कोणत्या स्पेलिंगने नाव गेलंय कुणालाच माहीत नसतं. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो पॅन दुरुस्त झाल्यावर काढा. फेडलेलं कर्ज चालू दाखवत असेल किंवा भलत्याच सुनंदा पाटीलचं कर्ज आईच्या नावावर चिकटलं असेल, आपल्या जिल्ह्यात या नावाच्या किती बाया असतील विचार करा, तर त्यांच्याच वेबसाईटवर तक्रार टाकायची. ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. नुसती नावाची दोन-तीन रूपं दिसली आणि कर्जाच्या नोंदी बरोबर असल्या तर घाबरू नका, त्याने काही अडत नाही.

आणि बँकेने अर्ज घेऊन महिनाभर काहीच केलं नाही तर? पोच तुमच्याकडे आहेच. आधी शाखेत लेखी तक्रार, ३० दिवस उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते. माझ्या अनुभवात तिथपर्यंत जायची वेळ क्वचित येते, लेखी तक्रार टेबलावर आली की नाव दुरुस्त होतंच.

कर्जाचा अर्ज मात्र हे सगळं होईपर्यंत टाकू नका. एकदा नाव न जुळल्यामुळे अर्ज नाकारला गेला की तो पुन्हा उघडायला नवीन अर्जापेक्षा जास्त फेऱ्या होतात. पॅनचा अर्ज या आठवड्यात टाका, तोपर्यंत उतारा आणि ८-अ काढायची घाई करू नका, ते ताजे लागतात, बँकेत नाव झाल्यावर काढा. आणि आधारवर जन्मतारीख पूर्ण आहे का नुसतं वर्ष आहे तेवढं आज घरी गेल्यावर बघून मला कळवा, पॅनवर पूर्ण तारीख असते आणि आधारवर नुसतं वर्ष असेल तर नाव जुळूनही लिंक अडकू शकते, मग त्याचा कागद काय लावायचा ते सांगतो.